उंची झपाट्याने वाढतेय, गुडघा दुखतोय, बोलिंगची लय गेलीय: अशा वेळी ट्रेनिंग कसं ठेवायचं

प्रश्न: सर, मुलगा १३ वर्षं ९ महिन्यांचा आहे, राइट आर्म फास्ट बोलर. गेल्या जूनमध्ये उंची १५४ होती, दिवाळीच्या सुट्टीत १५८, आता मार्चमध्ये १६१.५. दोन महिने झाले डावा गुडघा दुखतोय, वाटीच्या खाली टेंगूळ आलंय. रनअप बिघडलाय, नो बॉल पडतात, लेंथ सापडत नाही. कोच म्हणतात आळशी झालाय, रोज दोन ओव्हर जास्त टाकायला लावतात. सोम ते शुक्र सकाळी ६ ते ८ अकॅडमी, शनि-रवि मॅच, शाळा दुपारची. झोपायला साडेअकरा होतात, सव्वापाचला उठतो. मे मध्ये दोन वेळचा कॅम्प आहे, घालू का? की क्रिकेटच बंद करू? बोन एजचा एक्स-रे काढावा का?

उत्तर:

ताई, दोन वेळच्या कॅम्पला घालू नका, क्रिकेट बंद करायची गरज नाही, आणि ते दोन ओव्हर जास्त टाकणं आजपासून बंद करा. आता का ते सांगतो. मी पुण्यात अठरा वर्षं शाळकरी खेळाडूंबरोबर काम करतोय, त्यातले निम्म्याहून जास्त बोलर, आणि तुम्ही लिहिलंय तेच गाऱ्हाणं घेऊन दर सीझनला कोणी ना कोणी येतंच.

तुम्ही उंचीचे तीन आकडे दिलेत हे फार बरं केलंत, बहुतेक आईवडिलांना फक्त "खूप उंच झाला" एवढंच सांगता येतं. जून ते मार्च नऊ महिन्यांत साडेसात सेंटीमीटर, म्हणजे वर्षाला दहाच्या वेगाने चाललाय. याआधी तो वर्षाला पाचेक सेंटीमीटर वाढत असणार. मुलांमध्ये हा वेग साधारण साडेतेरा-चौदाच्या आसपास सगळ्यात जास्त असतो, पण कोणाचा बाराव्या वर्षी येतो, कोणाचा सोळाव्या, त्यामुळे एकाच बॅचमध्ये एक मिशी फुटलेला आणि एक अजून लहान दिसणारा असं चित्र असतं. (मुलींमध्ये हे सगळं दीडदोन वर्षं आधी होतं, ज्यांच्या घरी दहा-अकरा वर्षांची खेळणारी मुलगी आहे त्यांनी आत्तापासूनच लक्ष ठेवा.) महिन्याला ०.६ सेंटीमीटरच्या पुढे वेग गेला की दुखापती वाढतात असं आढळलेलं आहे, आणि तुमचा मुलगा ०.८ च्या वर आहे. म्हणजे तो ऐन भरात आहे.

आता शरीरात काय चाललंय ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. वाढ खालून वर जाते. आधी पाऊल वाढतं, मग पाय, मग सगळ्यात शेवटी धड. आठवून बघा, उंची वाढायच्या आधी बुटांचा नंबर पटापट बदलला होता का? बहुतेक आया "हो, एका वर्षात दोनदा बूट घ्यावे लागले" असंच सांगतात. हाड लांब होतं पण स्नायू आणि ताकद त्याच्या मागून येते, वजन भरायला आणि ताकद यायला उंचीच्या वेगानंतर सहा महिने ते वर्ष लागतं. हाडात कॅल्शियम भरणंही असंच मागे राहतं, म्हणजे हाड लांब झालंय पण अजून पुरतं पक्कं नाही. आणि जिथे स्नायूचा दोर हाडाला चिकटतो तिथे या वयात हाड नसून कूर्चा असते, मऊ. मांडीचा पुढचा स्नायू वाटीवरून येऊन नडगीच्या वरच्या टोकाला चिकटतो, बरोबर जिथे तुम्ही टेंगूळ म्हणताय तिथे. तो प्रत्येक बॉलला तिथे ओढ देतो. राइट आर्म बोलरचा डावा पाय म्हणजे ब्रेक मारणारा पाय, पळत येऊन सगळं वजन त्यावर आपटतं. म्हणून डावाच गुडघा, आणि म्हणून नेमकी तीच जागा. याला ऑसगुड श्लॅटर म्हणतात. टाचेत असंच झालं तर सीव्हर्स. तुमच्या वर्णनावरून ऑसगुडच वाटतंय, पण एकदा ऑर्थो किंवा स्पोर्ट्सच्या डॉक्टरला दाखवून घ्याच, हात लावून बघितल्याशिवाय मी पक्कं म्हणणार नाही.

लोक याला "वाढीचं दुखणं आहे, जाईल" म्हणून सोडून देतात. वाढीचं दुखणं म्हणजे लहान पोरांना रात्री दोन्ही पाय ठसठसतात आणि सकाळी पोरगं उड्या मारत असतं ते. एका बोटाने दाखवता येईल अशी जागा, एकाच पायाला, खेळलं की वाढणारं दुखणं हे ते नाही.

आता लयीबद्दल. यावर जरा जास्त लिहितो कारण पोरांना बोलणी याच्यामुळे बसतात. तुमचा मुलगा आळशी झालेला नाही, त्याचं माप बदललंय. त्याचा रनअप समजा पंधरा पावलांचा आहे. पाय वाढल्यावर धावताना प्रत्येक पाऊल सात-आठ सेंटीमीटर लांब पडतं. पंधरा गुणिले आठ म्हणजे एकशेवीस, सव्वा मीटरच्या आसपास. पण त्याची खूण तिथेच आहे, जिथे मागच्या वर्षी होती. मग तो काय करणार, एकतर क्रीजच्या बाहेर जाणार, नाहीतर शेवटच्या तीन-चार पावलांत बारीक पावलं टाकून स्वतःला आवरणार, आणि आवरलं की अंग मागे जातं, कंबर जास्त वाकते, स्पीड मरतो. कोचला बाहेरून दिसतं की पोरगं मन लावून पळत नाहीये.

लेंथचंही तसंच. हात आता आठदहा सेंटीमीटर उंचावरून सुटतोय. कोन तोच ठेवला तर बॉल अर्धा मीटर तरी पुढे पडतो. मागच्या वर्षीची गुड लेंथ यावर्षी ओव्हरपिच. मग तो ते सुधारायला जोरात खाली दाबतो आणि शॉर्ट पडतो. मेंदूत शरीराचा जो नकाशा आहे तो जुन्या हातापायांचा आहे, नवीन हातपाय लांब, जड, आणि ताकद अजून आलेली नाही. प्रत्येकाचं बिघडतंच असं नाही, काही पोरं अगदी सहज निघून जातात, पण ज्याचं बिघडतं त्याचं थकलेल्या अंगाने शंभर बॉल टाकून सुधारत नाही. उलट बिघडलेली ॲक्शन पक्की बसते.

यावर उपाय साधा आहे. येत्या रविवारी, मॅच नसेल तेव्हा, टेप घेऊन मोकळ्या मैदानावर जा. स्टंप नको, बॅट्समन नको. त्याला क्रीजच्या रेषेवर उभा करा, बाहेरच्या दिशेने तोंड करून, म्हणजे नेहमीच्या उलट, आणि डोळे समोर ठेवून मोकळेपणाने पळू द्या आणि वाटेल तिथे बॉल टाकू द्या. तुम्ही बाजूला उभं राहून डावा पाय कुठे पडला तिथे खूण करा. असं सहा वेळा. पहिली दोन सोडा, उरलेल्या चारची सरासरी घ्या, तेवढा त्याचा आजचा रनअप. त्याला पावलांमध्ये मोजायला लावू नका, पाऊलच तर बदललंय, टेपने मीटरमध्ये मोजून वहीत लिहा. आणि वेग असाच आहे तोवर दर सहा आठवड्यांनी परत मोजा. मी कित्येक पोरांचा नो बॉल एवढ्यावरच जाताना बघितलाय, एका दुपारी, चेहरा बघण्यासारखा होतो त्यांचा.

एक विनंती कोचनाही: ह्या काळात ॲक्शन बदलायला घेऊ नका. साइड ऑन वरून फ्रंट ऑन वगैरे. खालचं अंग एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला अशी मिक्स ॲक्शन झाली की कंबरेला पीळ बसतो, आणि बदल करताना मधल्या काळात पोरं नेमकी तिथेच अडकतात. फारच वाईट मिक्स असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा हळूहळू, कमी स्पीडने. नाहीतर वर्षभर थांबा.

आता बॉल मोजू. पाच दिवस अकॅडमीत रोज ५० तरी टाकत असेल, वर ते दोन ओव्हर म्हणजे १२. झाले ३१०. शनि-रवि मिळून चौदा ओव्हर म्हणजे ८४. आठवड्याला चारशेच्या घरात, आणि सातही दिवस, एकही सुट्टी नाही. इंग्लंडच्या बोर्डाचे फास्ट बोलरसाठी नियम आहेत, त्यात १३ पर्यंतच्या गटाला एका स्पेलमध्ये ५ ओव्हर आणि दिवसाला १०, १४-१५ च्या गटाला ६ आणि १२, आणि सीझनमध्ये आठवड्यातून चार दिवसांपेक्षा जास्त बोलिंग नाही, सलग दोन दिवसांपेक्षा जास्त नाही. हे निरोगी पोरांसाठी आहे बरं का, गुडघा दुखत नसताना.

तुमच्या मुलासाठी मी पुढचे सहा आठवडे असं ठेवेन. मंगळवारी ३० बॉल, गुरुवारी ३० बॉल, रविवारी मॅच, त्यात सहा ओव्हर, तीन-तीनच्या दोन स्पेलमध्ये. झाले ९६. शनिवारची मॅच सोडायची, फारच महत्त्वाची असेल तर बॅट्समन म्हणून खेळू दे आणि स्लिपमध्ये उभा कर, बाउंड्रीवर पळायला नको. मंगळवारचे ३० पूर्ण रनअपने नाहीत, पाच पावलांवरून, सत्तर टक्के जोराने, आणि पिचवर एक टॉवेल अंथरून त्यावर. टॉवेल कुठे ठेवायचा ते त्यालाच ठरवू द्या, नवीन उंचीला नवीन लेंथ तो स्वतः शोधेल. गुरुवारचे पूर्ण रनअपने, पण सहा-सहाच्या ओव्हरमध्ये आणि मध्ये पाच मिनिटं थांबून. वॉर्मअपमधले, टाइमपास म्हणून टाकलेले, सोसायटीच्या पार्किंगमध्ये टाकलेले, सगळे मोजायचे. शरीराला ते कुठे टाकले याने फरक पडत नाही.

चारशेवरून शंभरवर आणायचं म्हटलं की आईवडिलांना वाटतं पोरगं मागे पडणार. ती काळजी नको. फक्त परत वाढवताना एकदम वाढवायचं नाही, हे लक्षात ठेवा, कारण मोठ्या दुखापती कमी केल्याने होत नाहीत, सुट्टीनंतर एकदम सुरू केल्याने होतात. आठवड्याला दहा-बारा बॉलपेक्षा जास्त वाढ नको.

गुडघ्याचं मोजमाप रोज त्यानेच करायचं. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. खेळताना तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना ते परत आधीच्या आकड्यावर आलं पाहिजे. सकाळी वाढलेलं असेल तर आदल्या दिवशीचं जास्त झालं, पुढचं सेशन अर्धं करा. चारच्या वर गेलं किंवा लंगडायला लागला तर त्या दिवशी बंद. पोरं खोटं सांगतात, टीममधून काढतील म्हणून, त्यामुळे "दुखतंय का" विचारण्यापेक्षा "आज किती" विचारा. आकडा सांगायला त्यांना कमी लाज वाटते, हा माझा अनुभव आहे.

टेंगळावर तेलाने जोरात मालिश करू नका, आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या पोरांना आजीने प्रेमाने तेच केलेलं असतं आणि ते सुजतं. खेळल्यावर दहा मिनिटं बर्फ, कपड्यात गुंडाळून. वाटीखालचा पट्टा बांधून बरं वाटत असेल तर बांधा. तिथे स्टेरॉइडचं इंजेक्शन नको. टाच ढुंगणाला लावून मांडी जोरात ताणायचा जो स्ट्रेच सगळे करतात तोही आत्ता नको, आधीच ओढलेल्या जागेला अजून ओढ बसते. आणि पर्वती रोज चढायला पाठवत असाल तर बंद करा, चढण्याचं काही नाही, उतरताना मांडीच्या स्नायूवर आणि त्या जागेवर सगळ्यात जास्त ताण येतो. टेंगूळ पुढे थोडं राहू शकतं, त्याने काही बिघडत नाही. दुखणं मात्र महिन्यांच्या हिशोबाने जातं, आठवड्यांच्या नाही, कधीकधी वर्ष.

सोमवार आणि शुक्रवार ताकदीचं काम, घरीच, पंचवीस मिनिटं. भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसून राहायचं, दुखणार नाही तेवढ्याच खोलीवर, ४५ सेकंद, चार वेळा. याने दुखणं पण कमी होतं. मग पाठीवर झोपून कंबर उचलणे, एकेका पायाने टाच उचलणे १२-१२ चे तीन सेट, साइड प्लँक दोन्ही बाजूंनी २०-३० सेकंद. शेवटी एका पायरीवरून, वीस सेंटीमीटर बस झालं, खाली उतरून दोन्ही पायांवर आवाज न करता थांबायचं, पाच-पाच वेळा. आवाज आला तर परत. हे शेवटचं त्याला नवीन पायांची ओळख करून देतं, गुडघे आत जाताहेत का ते मोबाईलवर शूट करून त्याला दाखवा. गुडघा शांत झाला की हातात पाच किलोचं वजन धरून स्क्वॉट सुरू करता येतात. वजन उचललं की उंची थांबते हा गैरसमज आहे, नीट शिकवलेलं वजन या वयात चालतं आणि हवंच. बॉक्स जंप, पायऱ्यांवरून पळणं आणि दोरीच्या हजार उड्या मात्र आत्ता नकोत.

झोप. खरं तर मी सगळ्यात आधी हेच विचारतो. साडेअकरा ते सव्वापाच म्हणजे पावणेसहा तास. या वयाला ८ ते १० लागतात. २०१४ मध्ये अमेरिकेत शाळकरी खेळाडूंचा एक अभ्यास आला होता, त्यात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट निघाली. छोटा अभ्यास होता, त्यावरून झोपेमुळेच झालं असं म्हणता येत नाही, पण मला रोज जे दिसतं त्याच्याशी जुळतं. वाढीचं हार्मोन रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत जास्त सुटतं, आणि दिवसभर शिकलेली हालचाल डोक्यात पक्की होते तीही झोपेतच. लय परत यायची आहे ना, ती नेटमध्ये शिकतो आणि झोपेत बसते.

आणि "लवकर झोप म्हटलं तरी झोपत नाही" यावर त्याला ओरडू नका. वयात येताना शरीराचं घड्याळच तासदीड तास पुढे सरकतं, त्याला रात्री दहाला खरंच झोप येत नाही आणि पाचला उठवणं म्हणजे तुम्हाला तीनला उठवण्यासारखं आहे. मोबाईलने ते अजून पुढे जातं हे खरं, पण मूळ कारण तो नाही. म्हणून झोप रात्री मिळवण्यापेक्षा सकाळी मिळवणं सोपं पडतं. तुमची शाळा दुपारची आहे, हे तर नशीबच. अकॅडमी फक्त मंगळवार-गुरुवार ठेवली की सोमवार, बुधवार, शुक्रवार तो पावणेअकरा ते साडेसात झोपू शकतो, पावणेनऊ तास. रात्री जो होमवर्क करतो तो या तीन दिवशी सकाळी आठ ते दहा करू द्या. मंगळवार-गुरुवारच्या आदल्या रात्री सव्वादहा, मग सात तास होतात, आणि मैदानावरून आल्यावर आंघोळ, नाश्ता आणि शाळेआधी अर्धापाऊण तास झोप. क्लास रात्री उशिरापर्यंत असेल तर बॅच बदलायला सांगा, मी दोन-तीन पालकांना त्यासाठी चिठ्ठी लिहून दिलीय आणि क्लासवाल्यांनी ऐकलंय. हे सगळं होणार नसेल तर मंगळवारची सकाळ पण सोडा. पावणेसहा तास झोपून केलेलं सेशन आणि झोपून घालवलेली सकाळ यात मी डोळे मिटून दुसरी निवडेन.

आता कंबरेचं, आणि हे कृपा करून नीट वाचा. मघाशी म्हटलं वाढ खालून वर जाते. म्हणजे पाय थांबत येतात तेव्हा टाच-गुडघा शांत होतात, सगळे निवांत होतात, बॉल वाढवतात, आणि नेमकी तेव्हा धड वाढायला लागलेलं असतं. माझ्याकडे साडेचौदा वर्षांचा एक मुलगा होता, तोही राइट आर्म. टेंगूळ बसलं, आम्ही दोन महिन्यांत त्याला पूर्ण लोडवर नेलं. मी फक्त उंची मोजत होतो, ती कमी वेगाने वाढत होती म्हणून मी खूश. डाव्या बाजूला कंबर भरते म्हणायला लागला, घरचे म्हणाले झोपताना अवघडला असेल, मी पण आठवडाभर स्ट्रेचिंग करून घेतलं. सहा आठवड्यांनी एमआरआय केला, कंबरेच्या शेवटच्या मणक्याला डावीकडे स्ट्रेस फ्रॅक्चर. पाच महिने एक बॉल नाही. एक्स-रे त्याआधी नॉर्मल आला होता, सुरुवातीला तसंच येतं बऱ्याचदा. तेव्हापासून मी बसून उंची पण मोजतो.

ते घरी जमतं. भिंतीला टेकून एक सपाट स्टूल ठेवा, त्यावर ताठ बसवा, डोक्यावर जाड पुस्तक काटकोनात धरून भिंतीवर खूण करा, जमिनीपासून मोजा आणि स्टूलची उंची वजा करा. उभ्याची उंची अनवाणी, टाचा भिंतीला. नेहमी सकाळी, कारण दिवसभरात माणूस सेंटीमीटरभर खाली बसतो, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी मोजलंत तर सगळा हिशोब चुकेल. प्रत्येक वेळी दोनदा मोजून सरासरी. महिन्यातून एकदा बास, आणि एका महिन्याच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका, घरच्या मापात अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे होतोच, तीन महिन्यांचा फरक घेऊन तीनने भागा. बसून उंची जोरात वाढायला लागली की समजायचं कंबरेची पाळी आली. तेव्हा बॉल वाढवायचे नाहीत, गुडघा कितीही छान असला तरी. आणि बोलिंगने किंवा मागे वाकल्याने एका बाजूला कंबर दुखली आणि आठवडाभरात गेली नाही, तर बोलिंग बंद आणि स्पोर्ट्सचे डॉक्टर. मालिश नाही, बेल्ट नाही, "बघू पुढच्या मॅचनंतर" नाही.

अजून एक गोष्ट, क्वचित होते पण चुकवून चालत नाही. गुडघा दुखतोय पण गुडघ्यावर दाबलं तर काही नाही, चालताना पाऊल बाहेर वळतंय, लंगडतोय, जांघेत किंवा मांडीत कळ आहे, तर दुखणं खुब्याचं असू शकतं. या वयात खुब्याचा गोळा वाढीच्या जागेवरून सरकतो आणि दुखतं मात्र गुडघ्यात. तेव्हा चालवत नेऊ नका, त्याच दिवशी डॉक्टर आणि खुब्याचा एक्स-रे, दोन्ही बाजूंचा. तसंच रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सांध्याला सूज, ताप, किंवा पळताना "टक" आवाज होऊन एकदम पाय टाकता न येणं, हे सगळं वाट न बघण्यातलं. तुमच्या मुलाचं टेंगूळ दाबल्यावर नेमकं तिथेच दुखतंय ना, तेवढं आज बघा.

बोन एजचं विचारलंत. आपलं क्रिकेट बोर्ड, बीसीसीआय, १६ वर्षांखालच्या मुलांची हाताची एक्स-रे टेस्ट करतं ती वय पडताळायला, कोण त्या गटात खेळू शकतो ते ठरवायला. ट्रेनिंग ठरवायला तुम्हाला भिंत, पुस्तक आणि टेप पुरे आहे. त्यासाठी एक्स-रे काढू नका.

मे च्या कॅम्पचं असं करा. सहा आठवडे हा प्लॅन चालला आणि गुडघा सकाळी दोनच्या आत राहिला, तर कॅम्पला एकाच वेळेला पाठवा, संध्याकाळच्या, म्हणजे सुट्टीत झोप भरून निघेल. आठवड्यात तीनच दिवस बोलिंग, एकाआड एक, बाकी दिवस बॅटिंग, कॅचिंग. बॉलचा आकडा तुमच्या वहीत आणि कॅम्पच्या कोचकडे, दोन्हीकडे. मुलं आठवड्याला जितके तास संघटित खेळ खेळतात ते त्यांच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत असा एक ठोकताळा आहे, तुमच्या मुलासाठी १३-१४ तास, दोन वेळच्या कॅम्पमध्ये ते चार दिवसांत संपतात. आणि पावसाळ्यात दोन-तीन महिने बोलिंग पूर्ण बंद ठेवून पोहणं किंवा फुटबॉल, बॅडमिंटन असं काही खेळू द्या, गुडघा सांभाळून.

कोचशी बोलताना वाद घालू नका. वही घेऊन जा. तीन उंच्या दाखवा, वर्षाला दहाचा वेग सांगा, रनअप टेपने किती वाढला तो आकडा दाखवा, आठवड्याचे चारशे बॉल दाखवा. "सर, सहा आठवडे एवढेच बॉल, मग परत तुम्हीच बघा" एवढंच म्हणा. माझा अनुभव असा की आकडे समोर ठेवले की बहुतेक कोच ऐकतात, त्यांनाही हा मुलगा सोळाव्या वर्षी बोलिंग करताना हवाच असतो. ज्या अकॅडमीत वही बघायलाही कोणी तयार नाही, तिथून मी माझ्या मुलाला काढला असता.

जूनमध्ये परत मोजा, उभं आणि बसून दोन्ही, आणि मला दोन्ही आकडे कळवा. तेव्हा तीन महिन्यांचा वेग महिन्याला ०.५ च्या खाली आलेला असेल आणि बसून उंचीही शांत असेल तर पावसाळ्यानंतर बॉल कसे वाढवायचे ते सांगतो. वर असेल तर पावसाळ्यानंतरही हाच प्लॅन अजून तीन महिने.